मॅनेजरला अर्ध्या कामाचं विचारताना

ताई, साहेबांना पाठवायचा तुझा मेसेज वाचला. पहिल्या सात ओळी सासूबाईंच्या दुखण्याच्या आणि मागणी शेवटी, तीही ‘थोडं कमी काम मिळालं तर’ अशी. साहेब मोबाईलवर तिथवर पोचणारच नाहीत. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, तेही ऐन मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या दारात थांबलेल्या असताना. उत्तर आलं, ‘नंतर बघू.’ ते नंतर काही उजाडलं नाही.

आधी काम वाटून घेणारी जोडीदारीण पक्की कर. तिचा होकार नसताना तिचं नाव घालू नकोस. मग ‘अमुक’च्या जागी तिचं नाव घालून एवढंच पाठव:

‘सर, डिस्पॅचचं माझं काम जूनपासून मी आणि अमुक, अशा दोघींनी वाटून करावं असं सुचवते. मी सोम ते बुध, ती गुरू ते शनि. बुधवारी संध्याकाळी ती एक तास येईल, तेव्हा बाकी ऑर्डरींची वही तिच्या हातात देईन. पगार दोघींत निम्मा-निम्मा. तीन महिने करून बघू, जमलं नाही तर मी पूर्णवेळ येईन. या आठवड्यात पंधरा मिनिटं द्याल का?’

यातला बुधवारचा तास गाळू नकोस. ‘ट्रकवाल्याचा फोन आला तर विचारायचं कोणाला?’ हीच साहेबांची खरी धास्ती असते. घरचं कारण विचारलं तर एका वाक्यात सांग.

आणि ‘कामं सगळी करेन, फक्त लवकर निघेन’ असं चुकूनही लिहू नकोस. पगार निम्मा होतो, काम तेवढंच राहतं.

पीएफ, रजा हे भेटीत बोलू. आधी साहेबांचं ‘या’ तरी येऊ दे.