भावाचा मुलगा, त्याचं मधलं नाव आणि तुमचा फ्लॅट

प्रश्न : "धाकटा भाऊ गेला, वहिनीनं दुसरं लग्न केलं. त्यांचा मुलगा तीन वर्षांपासून आमच्याकडे ऐरोलीत आहे, आता आठ वर्षांचा. आम्हाला मूल नाही, दत्तकाचे कागद नाहीत. नव्या शाळेत वडील म्हणून माझं नाव लावू का? उद्या फ्लॅट त्यालाच मिळेल ना?"

नाव लावू नका. आणि फ्लॅट आपोआप त्याला मिळणार नाही. मी वकील नाही, पण बहिणीचा मुलगा कळव्यात वाढवलाय, त्यामुळे शाळेच्या कार्यालयाबद्दल जरा तिखट लिहिलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वेळी तिथल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. "मावशी-काका असं काही नसतं, वडिलांच्या रकान्यात मिस्टरांचं नाव घाला, नाहीतर कॉम्प्युटर पुढे जात नाही." वरून कोर्टाचा पालकत्वाचा आदेशही मागितला! जनरल रजिस्टरला भाच्याच्या मागे ह्यांचं नाव आणि आमचं आडनाव लागलं. जन्मदाखल्यावर मात्र मेहुण्यांचं. नववीपर्यंत कुणी विचारलं नाही. मग जातीच्या दाखल्यासाठी कागद दिले तर शाळेच्या नोंदीतले वडील वेगळे आणि जन्मदाखल्यावरचे वेगळे, अर्ज परत. शाळेत गेलो तर त्याच कार्यालयातून "तुम्हीच भरून दिलं होतं" हे उत्तर! शेवटी मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव गेला आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत नाव सुधारलं. मूल शाळेत असेपर्यंत ही वाट मोकळी असते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर दुरुस्ती फार अवघड.

तुमचं आडनाव एकच, म्हणून फरक फक्त मधल्या नावाचा आणि म्हणूनच मोह जास्त. जन्मदाखल्यावर आहे तेच नाव शाळेत लावा. वडिलांच्या रकान्यात भाऊच, 'पालक' म्हणून तुम्ही, सोबत भावाचा मृत्यूदाखला आणि वहिनींचं नोटरी केलेलं संमतीपत्र. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. नकार दिलाच तर तो लेखी मागा, आवाज खाली येतो.

पण ते नोटरीचं पत्र म्हणजे दत्तक नव्हे. पुष्कळ जण तिथेच फसतात. कितीही वर्षं सांभाळलंत तरी कायद्याच्या लेखी तो पुतण्याच. तुम्ही मृत्युपत्राविना गेलात तर फ्लॅटमधला तुमचा हिस्सा पत्नीला आणि आई हयात असेल तर तिला. पुढे पत्नीही तशीच गेली, तर तिचं बहुतेक सगळं तुमच्या वारसांकडे येतं आणि त्यात तुमचे सख्खे भाऊ-बहीण पुतण्याच्या आधी. आमच्याकडे तर भाचा माझ्या बाजूचा, म्हणजे सगळं दिरांकडे. दीर चांगले आहेत हो, पण त्यांच्या मुलांचं कोणी सांगावं?

तुमच्या बाबतीत दत्तक अजून होऊ शकतं, तेही सोप्या वाटेनं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल साधारण पंधराच्या आत हवं. वडील नसतील तर आई एकटी देऊ शकते, दुसरं लग्न झालं असलं तरी. तुमच्या पत्नीची संमती हवी. होम नसला तरी चालतो, पण मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, म्हणजे दत्तक कायदेशीर झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि खोटं ठरवायचं ओझं आक्षेप घेणाऱ्यावर जातं. वहिनी आज हो म्हणत असतील तर आजच. त्या हयात नसतील तर पालकाला न्यायालयाची परवानगी काढावी लागते. (ज्यांना स्वतःचा मुलगा आहे त्यांना या कायद्याखाली मुलगा घेता येत नाही, त्यांनी नातेवाईक-दत्तकासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं.) त्यानंतर जन्मदाखला बदलतो, पण जन्म जिथे नोंदलाय तिथेच, तुम्ही राहता तिथे नाही. शाळेतलं नाव त्याच्यानंतर.

आमच्या मेहुण्यांनी सही दिली नाही, गावच्या जमिनीतला मुलाचा हक्क जाईल या भीतीनं. म्हणून आम्ही दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं केली. तुम्हीही दत्तक होईपर्यंत करून ठेवा. त्यात 'माझा मुलगा' लिहू नका, 'माझ्या दिवंगत भावाचा मुलगा' असं पूर्ण नाव लिहा. दत्तक नसताना 'दत्तक मुलगा' लिहिलं तर विरोधकाला आयता मुद्दा मिळतो. साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण आणि घराबाहेरचे. तो अठराचा होईपर्यंत मालमत्ता कोण बघणार तेही लिहा.

सोसायटीत त्याला नॉमिनी केलंय म्हणून निवांत बसू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि बक्षीसपत्राचा सल्ला कोणी दिला तर आधी मुद्रांक शुल्क विचारा. राहत्या घरावर फक्त 200 रुपये शुल्क ही सवलत मुला-नातवंडांना आहे, पुतण्याला नाही.