व्हॅक्यूम फॉर्मिंगचा साचा: उतार, हवेची भोकं आणि गोल कोपरे

प्रश्न: १ मिमी हिप्स शीटचं सर्किटसाठी झाकण करतोय. एमडीएफचा साचा १२० × ८० मिमी, उंची ४०, माथ्यावर लेबलसाठी ६ मिमी खोल खळगा. शीट साच्यावर घट्ट अडकते, खळग्यात नीट उतरत नाही आणि खालच्या कोपऱ्यांत घड्या पडतात. साचा कसा बदलू?

उत्तर:

गरम शीट साच्यावर सगळीकडे एकदम टेकत नाही, हे आधी डोक्यात धरा. पहिल्यांदा माथा टेकतो आणि टेकल्याबरोबर तिथलं प्लास्टिक थंड होऊन जवळपास आहे त्याच जाडीवर थिजतं. मग भिंती ओढल्या जातात, मग बुड. खळग्याचे तळकोपरे सगळ्यांत शेवटी. आणि एवढं झाल्यावर, थंड होताना सगळी शीट आकसते. तुमच्या तिन्ही अडचणी याच क्रमात कुठेतरी आहेत. मी शेवटापासून सुरू करतो, कारण शीट साच्यावरून निघालीच नाही तर बाकीचं तपासणार कशावर?

हिप्स थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. १२० मिमीवर म्हणजे ०.६ मिमी. तुमच्या साच्यावर शीट बाहेरून बसते, त्यामुळे ही आकसण साच्याला चहूबाजूंनी आवळते. भिंती काटकोनात उभ्या असतील तर झाकण वर ओढताना ही पकड पूर्ण ४० मिमी कायम राहते. शीट अडकते ती यामुळे. भिंतीला उतार दिला की झाकण जसं वर सरकतं तसा त्याच्या आतला साचा बारीक होत जातो आणि एका उंचीवर पकड सुटते. ही उंची काढता येते. उतार १ अंश असेल तर झाकण सुमारे १७ मिमी वर आल्यावर सुटेल, २ अंशांना साडेआठ-नऊ मिमीवर, आणि ५ अंशांना जेमतेम साडेतीन मिमीवर. पहिल्या १७ मिमीपर्यंत पातळ झाकण ओढत राहिलात तर ते मुरगळतं किंवा कोपऱ्यात तडकतं. साडेतीन मिमी मात्र हलक्या हाताने निघून जातात. म्हणून अशा साच्याला मी ३ अंशांच्या खाली जात नाही, आणि दिसण्याची अडचण नसेल तर सरळ ५ देतो.

४० मिमी उंचीला ५ अंश म्हणजे प्रत्येक बाजूने ३.५ मिमी. बुड १२० × ८० ठेवलंत तर माथा ११३ × ७३ होईल. सर्किट माथ्याजवळ बसणार असेल आणि तिथे जागा कमी पडत असेल तर माथ्याचं माप पक्कं धरा आणि बुड वाढवा. उतार कापू नका. शिवाय थंड झाकणाचं जे आतलं माप हवं असेल त्याला १.००५ ने गुणून साच्याचं माप घ्या, म्हणजे आकसण भरून निघते. भिंती उभ्याच हव्यात असा हट्ट असेल तर शीट आतून बसेल असा पोकळ साचा घ्यावा लागतो. त्यात शीट आकसताना भिंतीपासून दूर जाते, म्हणून १-२ अंशही पुरतात. पण मग झाकणाचा माथा, म्हणजे साच्याचा तळ, आणि त्याचे कोपरे सगळ्यांत पातळ होतात. झाकणासाठी मला हा सौदा पटत नाही.

उतारासोबत भिंतीची घासणीही महत्त्वाची. पॉलिश पेपर उभ्या दिशेने, झाकण निघतं त्याच दिशेने फिरवा. आडवे ओरखडे राहिले तर प्रत्येक ओरखडा शीटला छोटासा अडसर होतो. मात्र आरशासारखं चकचकीत करू नका. थोडा खरखरीत, एकसारखा पृष्ठभाग शीटखालची हवा सरकू देतो. गुळगुळीत माथ्यावर हवेचे फुगे अडकतात आणि झाकणावर उठून दिसतात. आणि झाकण पूर्ण गार होण्याची वाट बघू नका. हात लावण्याजोगं गरम पण आकार धरून राहणारं असतानाच काढा, कारण जितकं गार तितकी पकड जास्त.

आता खळगा. शीट आधी खळग्याच्या चारही कडांवर टेकते आणि तिथेच त्याचं तोंड बंद होतं. आतली हवा कोंडली जाते. पंप कितीही चांगला असो, त्या हवेला वाटच नसेल तर शीट तिच्यावर उशीसारखी टेकून राहणार. भोकं हवीत ती खळग्याच्या तळाशी, चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या तळरेषेवर दर १५-२० मिमीला एक. तळाच्या मधोमध पाडलेल्या भोकाचा उपयोग उलटा होतो. शीट मध्यभागी आधी पोचते, ते भोक झाकून टाकते आणि कोपऱ्यांतली हवा तशीच राहते. तुमच्या साच्यात मधोमध एकच भोक असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

भोकाचा व्यास शीटच्या जाडीहून कमी ठेवायचा, पण ही जाडी तिथे ताणली गेल्यानंतरची धरायची. १ मिमी शीट खळग्याच्या कोपऱ्यात ०.६-०.७ पर्यंत उतरलेली असू शकते. १ मिमीचं भोक पाडलंत तर शीट त्यात शिरून बारीक टेंगूळ उमटतं. ०.५ मिमीच्या आसपास योग्य. पण एवढ्या बारीक ड्रिलने ३४ मिमी एमडीएफ आरपार भेदायला गेलात तर ड्रिल मोडेल, आणि भोक पडलं तरी एवढ्या लांब, बारीक नळीतून हवा रेंगाळत जाईल. म्हणून आधी खालच्या बाजूने ६ मिमीचं भोक वरून ५ मिमी शिल्लक राहील इतकं आत न्या, मग वरून बारीक ड्रिल त्यात उतरवा. हवेला अरुंद वाट फक्त ५ मिमीची राहते. साच्याच्या बुडाला चर पाडून ही मोठी भोकं मशीनच्या प्लेटवरच्या शोषण्याच्या भोकांशी जोडा, नाहीतर साचा प्लेटला चिकटून बसेल आणि सगळी मेहनत झाकली जाईल. एमडीएफची धूळ बारीक भोकांत दाटते. दर थोड्या शीटनंतर तार फिरवून बघत जा.

बुडाभोवती मी भोकं पाडतच नाही. साच्याखाली कडेपासून थोड्या आत पातळ पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून त्याला प्लेटपासून अर्धा मिमी उचलतो. चारही बाजूंना सलग फट मिळते आणि शीट भिंतीच्या पायथ्यापर्यंत खेचली जाते. याच फटीतून आणि भोकांतून झाकण काढताना हवा आत शिरते. ती शिरली नाही तर उतार असूनही झाकण पोकळीच्या ओढीने चिकटून राहतं. मशीनला उलटी हवा सोडण्याची सोय असेल तर एक छोटा झटका पुरे.

पायथ्याला शीट कधीच चोख काटकोन करत नाही; भिंत आणि प्लेट यांच्यामध्ये ती छोटा वक्र घेऊन पूल टाकते. त्याच्याशी भांडू नका. ४० मिमी उंचीतले खालचे ५ मिमी कापून टाकण्यासाठीच आहेत असं धरा. सरळ, स्वच्छ भिंत जिथे सुरू होते तिथे कापण्याची रेषा येईल. झाकणाची उंची पूर्ण ४० हवी असेल तर साचा ४५ चा करा.

घड्यांचं कारण जादा प्लास्टिक. माथ्यापासून फ्रेमपर्यंत शीट तंबूसारखी ताणलेली असते. व्हॅक्यूम सुरू झाला की ती लांब आणि आखूड अशा दोन्ही बाजूंनी भिंतींकडे ओढली जाते, आणि उभ्या कोपऱ्याशी दोन्हीकडचं प्लास्टिक एकत्र येतं. तिथे बसण्यापुरती जागा नसते, ते आकसून लहान होऊ शकत नाही, म्हणून दुमडतं. उभे कोपरे धारदार असतील तर घडी हमखास पडते. त्यांना १० ते १२ मिमीची त्रिज्या द्या. माथ्याच्या कडेला ३ मिमी, खळग्याच्या आतल्या कोपऱ्यांना किमान २. त्रिज्या शीटच्या जाडीएवढी तरी हवीच, पण ती तळाची मर्यादा समजा. माथ्याची कड धारदार राहिली तर थिजलेला माथा आणि अजून ताणली जाणारी भिंत यांच्यामध्ये एक पातळ रेघ तयार होते, आणि झाकण पुढे तिथेच चिरतं.

एवढं करूनही घडी आलीच तर गरम करण्याचा वेळ थोडा कमी करा. फार झोळ पडलेली शीट म्हणजे आणखी जादा प्लास्टिक. त्यानंतरचा उपाय म्हणजे प्रत्येक कोपऱ्यासमोर, साच्यापासून १५ मिमीवर, उतरत्या बाजूंचा १५ मिमी उंच ठोकळा प्लेटवर बसवणं. जादा प्लास्टिक ठोकळ्यावर ताणलं जाऊन खर्ची पडतं आणि तो भाग नंतर कापून जातो.

फ्रेम लहान केली तरी घड्या कमी होतात, पण त्याची किंमत जाडीत मोजावी लागते. साच्याभोवती ३० मिमी मोकळी जागा धरली तर फ्रेमच्या आतली शीट १८० × १४०, म्हणजे २५,२०० चौरस मिमी. तिने झाकायचं क्षेत्रफळ (माथा, भिंती आणि सभोवतालची पट्टी) साधारण ३९,३०० होतं. सरासरी जाडी ०.६४ मिमी. पण माथा ०.९ वर थिजला असं मानलं तर भिंती आणि पट्टी यांच्या वाट्याला सरासरी ०.५७ च येते, आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत त्याहून कमी. मोकळी जागा २० मिमी केलीत तर हाच आकडा ०.४७ वर घसरतो. भिंत दाबल्यावर वाकत असेल तर फ्रेम आवळण्याऐवजी ठोकळे वापरा, किंवा शीट १.५ मिमीची घ्या.

हे सगळं प्रत्यक्ष बघण्यासाठी शीट गरम करण्याआधी तिच्यावर कायमच्या शाईच्या पेनाने १० मिमीचे चौकोन आखा. झाकण झाल्यावर माथ्यावरचे चौकोन जवळजवळ तसेच दिसतील, भिंतीवरचे उभे लांबलेले. एखाद्या कोपऱ्यात चौकोन सर्वांत जास्त ताणला असेल तर तिथे झाकण कापून व्हर्नियरने जाडी मोजा. त्रिज्या वाढवायची ती तिथे. खळग्याच्या तळाशी चौकोन ताणलेच नसतील तर शीट खाली पोचलीच नाही आणि भोकं बुजली आहेत किंवा चुकीच्या जागी आहेत.

पुढे कधी याच साच्यावर पॉलिप्रॉपिलीन वापरायचा विचार आला तर थांबा. ते दीड टक्का किंवा त्याहून जास्त आकसतं, म्हणजे १२० मिमीवर जवळपास २ मिमी. माप चुकेल, आणि ५ अंशांना साडेतीन मिमीवर सुटणारी पकड दहा मिमीपर्यंत सुटणार नाही. त्यासाठी साचा वेगळाच करावा लागेल.