लॅब्रॅडॉरला लोणावळ्याहून राजमाचीला नेताना पाणी, चाल, पंजे आणि ऊन

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर तीन वर्षांचा आणि २८ किलो वजनाचा आहे. डिसेंबरमध्ये त्याला लोणावळ्याहून राजमाचीला चालत न्यायचे आहे. पाणी किती न्यावे, त्याला किती चालवावे आणि उन्हाची काळजी कशी घ्यावी?

उत्तर: मी माझ्या कुत्र्यांना घेऊन सह्याद्रीत बरीच वर्षे फिरतो. माझ्या मते आपण निवडलेली वाट आणि महिना दोन्ही योग्य आहेत. लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बाजूने राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंतचा रस्ता सुमारे १५ किलोमीटरचा, बहुतेक रुंद आणि कच्चा आहे. त्यावर शिड्या नाहीत किंवा हात धरून उतरायचे कातळटप्पेही नाहीत. मात्र या ट्रेकचे गणित किलोमीटरवर न मांडता घड्याळावर मांडावे लागते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकताना जीभ आणि श्वासमार्ग यांतल्या ओलाव्याचे बाष्प होऊनच बाहेर पडते. हवा दमट असली की हे बाष्पीभवन मंदावते, म्हणून ढगाळ आणि दमट दिवशी ऊन नसतानाही कुत्रा तापू शकतो. त्यात लॅब्रॅडॉरचा स्वभाव असा, की पुढे माणसे चालत आहेत तोवर तो मागे राहायला तयार होत नाही. थांबण्याचा निर्णय त्याच्यावर सोडण्यात अर्थ नाही. तो आपणच घ्यायचा असतो.

मी स्वतः पाळतो ती मर्यादा अशी: सावलीतले तापमान २५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की चढ बंद, आणि २८ च्या जवळ पोचले की चालणेच बंद. जाड केसांच्या किंवा लठ्ठ कुत्र्यासाठी हे आकडे आणखी खाली आणावेत. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला अशा लांबच्या वाटेवर नेऊच नये. डिसेंबरमध्ये त्या भागात पहाट गार असते, पण दुपारी उघड्या माळावर चांगलेच तापते. म्हणून पहाटे साडेपाचला चालायला लागावे. ताशी साडेतीन किलोमीटरच्या चालीने आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे थांबत गेल्यास साडेदहाच्या सुमारास उधेवाडी येते. नऊ वाजता अर्धी वाटही सरलेली नसेल तर तिथूनच परत फिरावे असे वाटेल, पण परतीचीही तितकीच वाट उन्हातच चालावी लागेल. त्यामुळे मागे फिरायचे की नाही हे साडेसातच्या थांब्यावरच ठरवावे. तोवर सहा किलोमीटर झाले नसतील, तर गार हवेतच माघारी वळणे शहाणपणाचे. एकाच दिवसात जाऊन-येऊन करू नये. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघावे. राजमाचीवरच्या श्रीवर्धन किल्ल्याचा चढ करायचाच असेल तर ऊन उतरल्यावर, आणि तोही कुत्रा ताजातवाना असेल तरच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे आपल्या कुत्र्याला दीड लिटरच्या आसपास. चालण्याच्या दिवशी मी याच्या दुप्पट धरतो. दर थांब्यावर २०० मिलिलिटरप्रमाणे वाटेतच पावणेदोन ते दोन लिटर संपते. शिवाय अंग भिजवण्यासाठी एक लिटर वेगळे ठेवावे आणि ते उधेवाडी येईपर्यंत इतर कशासाठीही वापरू नये. एकदम अर्धा लिटर प्यायला देऊ नये, कारण घटाघटा प्यायलेले पाणी बहुधा उलटून पडते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी समोर ठेवावे. हिरड्यांना बोट लावून पाहावे. त्या ओलसर आणि बुळबुळीत लागण्याऐवजी कोरड्या व चिकट लागल्या तर पाणी कमी पडते आहे. वाटेतल्या डबक्यांतले आणि टाक्यांतले साचलेले पाणी पिऊ देऊ नये, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याची लस घेतलेली नसेल तर आधी पशुवैद्यांना विचारून घ्यावी. पोटभर जेवण आदल्या रात्री द्यावे; पहाटे मूठभर खाणे पुरेसे आहे आणि पुढचे जेवण मुक्कामी पोचून धाप पूर्ण थांबल्यावर द्यावे.

पंजांकडे लोक फार उशिरा पाहतात. दर तासाला चारही पंजे उचलून गाद्या, बोटांच्या बेचक्या आणि नखांची मुळे बोटांनी चाचपावीत. डिसेंबरमध्ये मुख्य शत्रू म्हणजे वाळलेल्या गवताचे कुसळ. त्याच्या टोकाची रचना अशी असते, की ते फक्त पुढेच सरकते. बेचकीत शिरलेले कुसळ कातडीखाली जाऊन काही दिवसांनी गळू होते. कुत्रा एकच पंजा सारखा चाटू लागला, तर तिथे काहीतरी आहे असे समजून चिमट्याने काढावे. गादीचा पापुद्रा निघाला असेल तर जखम धुऊन, गॉज ठेवून, वरून पट्टी आणि जाड मोजा बांधावा आणि त्या दिवसाची चाल थांबवावी. लंगडतो म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. काळा कातळ तापला आहे का हे पाहण्यासाठी हाताची मागची बाजू सात सेकंद त्यावर टेकवावी. तेवढा वेळ हात टेकवत नसेल तर कुत्र्याला गवताच्या किंवा मातीच्या कडेने न्यावे.

उष्माघाताची चाहूल नीट ओळखता यायला हवी. साधी धाप थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरते. ती उतरत नसेल, श्वासाचा आवाज मोठा झाला असेल, जीभ टोकाशी रुंद होऊन कडा वर वळल्या असतील, लाळ घट्ट व तारेसारखी लोंबत असेल, हिरड्या गडद लाल दिसत असतील किंवा मागचे पाय डळमळत असतील, तर चाल तिथेच संपली. सोबत डिजिटल थर्मामीटर असावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते. चालताना ते थोडे चढणारच, पण गुदद्वारातून घेतलेले तापमान १०५ च्या वर असेल तर लगेच थंड करायला लागावे. सावलीत नेऊन राखीव पाणी पोट, जांघा, काखा आणि अंगावर केसांच्या मुळापर्यंत ओतावे व टोपीने किंवा चटईने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, कारण त्याखाली उष्णता अडकते. तापमान १०३ वर आले की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर ते फार खाली घसरते. कुत्रा शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. आधी थंड करावे आणि मगच गाडीत घालावे; गाडीची वाट पाहत बसू नये. या रस्त्यावर जीप येऊ शकते, म्हणून उधेवाडीतल्या एखाद्या गाडीवाल्याचा आणि लोणावळ्यातल्या पशुवैद्यांचा नंबर निघण्यापूर्वीच मिळवून ठेवावा. वाटेत फोनला रेंज मिळेलच असे नाही.

पट्टा मात्र पूर्ण वेळ असू द्यावा. गावातली कुत्री, गुरे आणि बिबट्या ही तिन्ही कारणे पुरेशी आहेत. रात्री त्याला बाहेर बांधू नये, आपल्यासोबत आतच झोपवावे. घरी परतल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. आणि वाटेत उष्माघाताची लक्षणे दिसली असतील, तर कुत्रा थंड होऊन शेपूट हलवू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे, कारण मूत्रपिंडांना झालेली इजा आणि रक्त गोठण्यातील बिघाड एक-दोन दिवसांनीही दिसू लागतात.