शारीरिक ओढ नसेल तर ते प्रेम नाही का?

*प्रश्न: एक मुलगी मनापासून आवडते, लग्न करावंसं वाटतं. पण तिच्याबद्दलच काय, कुणाबद्दलच शारीरिक ओढ कधी वाटली नाही. मग ही नुसती मैत्रीच म्हणायची का?*

तुमच्या लिहिण्यावरून तरी नुसती मैत्री वाटत नाही. मी असेक्शुअल आहे, म्हणजे मला कुणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नाही, आणि माझं लग्न झालेलं आहे. नवरा भेटला तेव्हा त्याच्या मेसेजची वाट बघणं, तो दुसऱ्या कुणाचं कौतुक करायला लागला की जळफळाट, म्हातारपणी कुठल्या गावी राहायचं याचे बेत, सगळं यथासांग होतं. फक्त शरीराची ओढ नव्हती. माझ्या एका मित्राचं नेमकं उलटं आहे. त्याला ओढ वाटते, पण तो कुणाच्या प्रेमात म्हणून पडलेला नाही. तो ॲरोमँटिक. लोक त्याला लफडेबाज समजतात. खरं तर तो पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांगून टाकतो.

आमच्यासारखी बरीच मंडळी यासाठी ‘स्प्लिट ॲट्रॅक्शन मॉडेल’ वापरतात. प्रेम कुणाबद्दल वाटतं आणि लैंगिक ओढ कुणाबद्दल वाटते, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी २००३ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं: लैंगिक इच्छा जोडीदार मिळवण्याच्या प्रेरणेतून येते, तर प्रेमाचं मूळ आई-मुलाला बांधून ठेवणाऱ्या जिव्हाळ्याच्या व्यवस्थेत आहे. म्हणून एक असताना दुसरं नसू शकतं.

घोळ होतो तो कामेच्छा आणि ओढ यांत. शरीर अधूनमधून जागं होणं म्हणजे कामेच्छा. ती अनेक असेक्शुअल लोकांनाही असते. ओढ म्हणजे ती इच्छा एखाद्या माणसाच्या दिशेने वळणं. कुणी देखणं वाटणं ही तिसरीच गोष्ट. तुम्हाला तिचा चेहरा बघत बसावंसं वाटतं, हात धरावासा वाटतो, पण विचार त्यापुढे आपणहून जातच नाही, असं असेल तर तुम्ही रोमँटिक असेक्शुअल असू शकता.

अर्थात ही विभागणी सगळ्यांना लागू पडत नाही. काही असेक्शुअल आणि ॲरोमँटिक लोकांना दोन्ही ओढी सुट्या करताच येत नाहीत, ते मॉडेल बाजूला ठेवतात. आणि पूर्वी ओढ होती, मग गेली, असं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी किंवा हार्मोन्सच्या गडबडीने तसं होतं. तुमचं पहिल्यापासूनच असं आहे, म्हणून तो भाग सोडून देते. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतही, स्वतःला असेक्शुअल म्हणवणाऱ्या माणसावर इच्छा कमी असल्याच्या विकाराचं निदान करू नये, असं म्हटलंय.

तिच्याशी मात्र लग्नाआधी बोला. ‘मी असेक्शुअल आहे’ एवढ्याने तिला काही कळणार नाही. शरीरसंबंध तुम्हाला चालतील, नकोत, की कधीतरी चालतील, मूल हवं का, हे सरळ सांगा. आम्ही तेच केलं. नवऱ्याने विचार करायला वेळ मागून घेतला, आणि मला ते आवडलं.