नाकावरचे दाणे, गालावरच्या पुटकुळ्या आणि टाळूवरची खपली

"माझी मुलगी सव्वा महिन्याची आहे. जन्मली तेव्हापासून नाकावर पांढरे बारीक दाणे आहेत. तिसऱ्या आठवड्यात गालावर लाल पुटकुळ्या आल्या आणि आता डोक्यावर पिवळट, चिकट पापुद्रे धरलेत. रोज काहीतरी वाढतंच आहे. आई म्हणते, तू लसूण-मेथी जास्त खाल्लीस, दुधातून उष्णता उतरली. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली आहे. लावत राहू का?"

मी प्रसूतीनंतरच्या आयांना स्तनपान आणि बाळाच्या देखभालीबद्दल समुपदेशन करते. असे प्रश्न माझ्याकडे जवळजवळ रोज येतात. पण या मुलीच्या प्रश्नात "रोज काहीतरी वाढतंच आहे" हे वाक्य होतं, आणि तिची खरी भीती तिथे होती. एकच काहीतरी नाकावरून गालावर, गालावरून डोक्यावर पसरत चाललंय, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून ट्यूबबद्दल बोलण्याआधी मी तिला एवढंच विचारलं, की कुठलं केव्हा आलं ते आठवून सांग.

ती माहेरी आली होती, पहिलं बाळंतपण. सोबत तिची आई. काकूंच्या चेहऱ्यावर काळजी तर होतीच, पण थोडा संकोचही होता. रविवारी सासरची माणसं बाळ बघायला येणार होती. आपल्याकडे लेक बाळंतपणाला आली आणि नातीचा चेहरा असा, हे त्यांना सहन होत नव्हतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, बोलता बोलता निघालं. ते कळलं नसतं तर त्या घरात सगळे उपाय एकदम का चालू होते याचा उलगडा मला झाला नसता.

बाळाला खिडकीपाशी उजेडात घेतलं. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर मोत्यासारखे पांढरे दाणे होते, खसखशीच्या दाण्याएवढे. भोवती लाली अजिबात नाही. याला डॉक्टर मिलिया म्हणतात. त्वचेच्या वरच्या थरात केराटिन नावाचं प्रथिन अडकून राहतं, त्याच्या या बारीक गाठी. त्यात पू नसतो, त्यामुळे दाबून काही निघत नाही. जवळजवळ निम्म्या नवजात बाळांना त्या असतात. बहुतेकांच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आपोआप जातात, काहींना थोडे आठवडे जास्त लागतात. यावर कुठलंही औषध नाही, कारण औषधाची गरजच नाही.

काकू मात्र अंघोळीच्या वेळी डाळीचं पीठ आणि साय घेऊन ते दाणे रोज चोळत होत्या. दाणे तसेच राहिले आणि नाकपुडीजवळची कातडी सोलवटली. ती लाल, कोरडी जागा मी बोटाने दाखवली तेव्हा काकू एकदम गप्प झाल्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुमच्या हाताने नुकसान झालेलं नाही, चार-पाच दिवसांत ही जागा भरून येईल. पण पीठ आजपासून बंद. पाणी पुरे."

गालांवर मात्र वेगळंच होतं. लालसर पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पांढरा ठिपका, कपाळावरही दोन-तीन. बाळ रडलं की त्या जास्त लाल दिसायच्या आणि शांत झोपलं की फिकट व्हायच्या. काळे किंवा बंद तोंडाचे कठीण ठिपके, म्हणजे मोठ्या मुलांच्या मुरुमांत दिसतात तसे, एकही नव्हते. ही बेबी अ‍ॅक्ने. ती साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात उगवते. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तेलग्रंथी त्या दिवसांत जोरात काम करत असतात. शिवाय त्वचेवर सगळ्यांच्याच असणाऱ्या मॅलासेझिया या यीस्टला त्वचा प्रतिसाद देते, असंही डॉक्टर सांगतात. तीन-चार महिन्यांपर्यंत ती मागे काही न ठेवता निघून जाते. डाग पडत नाहीत. हिलाही उपचार लागत नाहीत.

इथे ती मुलगी मध्येच म्हणाली, "म्हणजे माझ्या खाण्याने नाही?" नाही. लसूण, मेथी, डिंकाचे लाडू, अळीव, यांपैकी कशाचाही या पुटकुळ्यांशी संबंध नाही. हे मी तिच्या आईसमोर सांगितलं, कारण तिने गेला आठवडाभर भाजीभाकरी सोडून नुसती पेज आणि वरणभात खाल्ला होता. बाळंतिणीला, अंगावर पाजणाऱ्या बाईला, पुटकुळ्यांपायी अर्धपोटी ठेवणं ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते. ते जेवण त्याच दिवशी पूर्ववत करायला सांगितलं.

मग ट्यूब बघितली. मागच्या बाजूला नावं वाचली तर त्यात तिन्ही एकत्र होती: तीव्र स्टिरॉइड, जंतूंवरचं औषध आणि बुरशीवरचं औषध. खाजेसाठी, गजकर्णासाठी मोठ्या माणसांना सर्रास दिली जाते तीच. तीन-चार दिवस लावली होती आणि पुटकुळ्या कमी झाल्यासारख्या वाटल्या होत्या, म्हणून विश्वास बसला होता. स्टिरॉइडने लाली तात्पुरती दबते, पण चेहऱ्याची नाजूक त्वचा पातळ होऊ शकते. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र मोठं असतं, म्हणून औषध रक्तातही जास्त उतरतं. थांबवल्यावर लाली उसळून येऊ शकते आणि तेव्हा घरचे म्हणतात, बघा, बंद केली की वाढलं. म्हणून ते मी आधीच सांगून ठेवलं. औषध चालू-बंद करणं हे माझं काम नाही, तेव्हा ट्यूब घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ती बंद केली आणि चेहऱ्याला काहीही लावायचं नाही असं स्पष्ट लिहून दिलं. नंतर चारेक दिवस लाली थोडी वाढली, पण घर आधीच तयार होतं, त्यामुळे कोणी पुन्हा मेडिकलमध्ये गेलं नाही.

तिसरं, डोक्यावरचं. हे आठ-दहा दिवसांपूर्वी सुरू झालं होतं. टाळूवर आणि कपाळाच्या वर पिवळट, तेलकट खपल्यांचे थर होते, भुवयांतही थोडे. बाळ डोकं घासत नव्हतं, दूध व्यवस्थित ओढत होतं, वजन वाढत होतं. याला क्रेडल कॅप म्हणतात. खाज नसते, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घाणीने होत नाही, म्हणून "न्हाऊ घालणाऱ्या बाईने नीट धुतलं नाही" हा राग त्या बाईवर काढू नये. काही महिन्यांत, बहुतेक वेळा वर्षाच्या आत, आपोआप जाते.

तिन्हींमध्ये घरात हात लावण्यासारखी ही एकच, आणि तीही दिसायला नको म्हणून. तेव्हा काकूंचा उत्साह इथे वळवला. त्या रोज टाळू तेलाने भरत होत्या आणि वर तेलाचा बोळा ठेवत होत्या. ते तेल दिवसभर तसंच राहायचं. तेलावर खपली चिकटून बसते, थर जाड होत जातो, आणि मघाच्या त्या मॅलासेझिया यीस्टला तेल आवडतं. म्हणजे तेल लावण्याने बिघडत नव्हतं, ते धुतलं न जाण्याने बिघडत होतं.

त्यांना करून दाखवलं ते असं. अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं साधं खोबरेल, तळहातावर चमचाभरही नाही, खपलीवर बोटांच्या पेरांनी हलकं पसरायचं. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. खपली मऊ झाली की बाळाचा मऊ ब्रश किंवा ओला सुती रुमाल घेऊन गोल गोल फिरवायचं. सुटेल तेवढीच सोडवायची, चिकटलेली ठेवायची. नखाने खरवडायची नाही, कोरडी फणी लावायची नाही, कारण खालून रक्त आलं की तिथे जंतू जायला वाट मिळते. मग बाळाचा सौम्य शाम्पू लावून तेल पूर्ण धुवायचं. हे आठवड्यातून दोन-तीनदा. टाळू मऊ असते म्हणून तिथे हात लावायला काकू घाबरत होत्या. पण तिथे हलका हात चालतो, दाबायचं मात्र नाही. खपलीबरोबर थोडे केस आले तरी ते परत येतात.

डॉक्टरांना कधी दाखवायचं, हे मी दोघींना वेगळं सांगितलं, कारण ते विसरता कामा नये. पाण्याने भरलेले फोड गुच्छाने दिसले, खपली ओली होऊन पिवळा द्राव किंवा वास यायला लागला, लाली झपाट्याने पसरली, तर त्याच दिवशी जायचं. पुरळ असो वा नसो, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, निपचित पडणं, यात घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना. खपली मानेला, काखेत, जांघेत पसरली किंवा बाळ सतत डोकं घासू लागलं, तरी दाखवायचं. तेव्हा डॉक्टर वेगळा शाम्पू किंवा सौम्य मलम देऊ शकतात. आणि मुरुम तीन महिन्यांनंतर नव्याने आले, त्यात काळे ठिपके असले, तर ती बेबी अ‍ॅक्ने नाही. तिला उपचार लागू शकतात आणि डागही पडू शकतात.

रविवारची काळजी उरली होतीच. मी काकूंना म्हटलं, पाहुण्यांना सरळ सांगा की डॉक्टरांनी बघितलंय, जन्मानंतरच्या दिवसांत होतं आणि जातं, चेहऱ्याला काही लावायचं नाही म्हणाले. ही शेवटची ओळ महत्त्वाची, नाहीतर सासरहून हळदीची वाटी येते. त्यांनी ती तशीच सांगितली, असं मुलीने नंतर कळवलं.

दीड महिन्याच्या लसीला त्या पुन्हा भेटल्या. नाकपुडीजवळची सोललेली जागा भरली होती, पुटकुळ्या होत्या तेवढ्याच होत्या. अडीच महिन्यांच्या लसीला आल्या तेव्हा नाकावर एखाद-दुसरा पांढरा दाणा उरला होता आणि गाल स्वच्छ होते. टाळूवर मागच्या बाजूला पातळ खपली अजून होती, भुवयांतली गेली होती. काकूंनी विचारलं, "आठवड्यातून दोनदाच केलं तर चालेल का? आता थंडी आहे." चालेल, म्हटलं, एकदा केलं तरी चालेल.