णमोकार मंत्र कुणाचा, आणि रोज कसा म्हणतात

प्रश्न: आमच्या शेजारच्या जैन आजी रोज पहाटे ‘णमो अरिहंताणं’ असं काहीतरी म्हणतात. हा कुठल्या देवाचा मंत्र आहे? रोज किती वेळा, कसा म्हणतात? मी जैन नाही, मी म्हटला तर चालेल का?

उत्तर:

आधी मंत्र पूर्ण देतो.

णमो अरिहंताणं
णमो सिद्धाणं
णमो आयरियाणं
णमो उवज्झायाणं
णमो लोए सव्वसाहूणं

पाच ओळी, पस्तीस अक्षरं, भाषा प्राकृत. आता पुन्हा एकदा वाचून बघा, यात कुणाचंच नाव नाही. महावीर नाहीत, पार्श्वनाथ नाहीत, ऋषभदेवही नाहीत. म्हणून ‘कुठल्या देवाचा’ याला एका नावाचं उत्तर देता येत नाही. नमस्कार आहे तो पाच पदांना. त्या पदाला जो जो पोचला, जो आज तिथे आहे आणि जो पुढे पोचेल, त्या सगळ्यांना. या पाचांना मिळून आम्ही जैन पंचपरमेष्ठी म्हणतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मंत्रात मागणं एकही नाही. ‘दे’, ‘राख’, ‘पाव’ यातलं काही नाही, फक्त नमस्कार.

अरिहंत म्हणजे ज्यांनी राग, द्वेष, मोह हे आतले शत्रू जिंकले. आत्म्याचे गुण झाकणारी चार घाती कर्मं त्यांनी संपवलेली असतात, पण देह अजून असतो, म्हणून ते लोकांना उपदेश करू शकतात. सिद्ध म्हणजे ज्यांची आठही कर्मं संपली आणि देहही सुटला. ते पूर्ण मुक्त. आचार्य हे मुनिसंघाचे प्रमुख. दीक्षा देतात, चुकलेल्याला प्रायश्चित्त देतात. उपाध्याय म्हणजे संघात शास्त्र शिकवणारे मुनी. आणि शेवटी सगळे साधू.

इथे आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे एक घोळ हमखास होतो. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा करणाऱ्या गृहस्थांना उपाध्ये म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, चौथ्या ओळीत आपण आपल्या उपाध्येकाकांनाच नमस्कार करतोय. ते आदराचे खरेच, पण ते संसारी आहेत. मंत्रातले उपाध्याय घरदार सोडलेले, महाव्रती मुनी असतात.

पदांचा क्रम बघून पुष्कळांना शंका येते. सिद्ध जर अरिहंतांच्याही पुढे गेलेले, तर आधी नमस्कार त्यांना का नाही? धवला या जुन्या टीकाग्रंथात वीरसेनाचार्यांनी हा प्रश्न घेतला आहे. सिद्ध बोलत नाहीत, दिसत नाहीत. ते आहेत हे आपल्याला कळलं तेच अरिहंतांच्या उपदेशामुळे. ज्याने वाट दाखवली त्याला पहिला नमस्कार. मला हे फार भावतं, कारण यात मोठेपणाच्या आधी उपकार मोजला आहे.

शेवटच्या ओळीतले ‘लोए’ आणि ‘सव्व’ हे दोन शब्दही नीट बघण्यासारखे आहेत. ‘लोए’ म्हणजे लोकात, ‘सव्व’ म्हणजे सर्व. ते फक्त साधूंच्या ओळीत आले आहेत. धवलाकार त्यांना अंतदीपक म्हणतात, म्हणजे शेवटी ठेवलेला दिवा जसा मागच्या सगळ्या खोलीत उजेड पाडतो, तसे हे दोन शब्द मागच्या चारही ओळींना लागू होतात. लोकातल्या सर्व अरिहंतांना, सर्व सिद्धांना, असं मनात म्हणायचं.

यापुढे आणखी चार चरण तुम्हाला ऐकू येतील: ‘एसो पंच णमोक्कारो, सव्वपावप्पणासणो, मंगलाणं च सव्वेसिं, पढमं हवइ मंगलं.’ हा पाचांचा नमस्कार सर्व पापांचा नाश करणारा, सर्व मंगलांमधलं पहिलं मंगल, असा त्याचा अर्थ. ही चूलिका, म्हणजे मंत्राला जोडलेला शेवट. श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत ती धरून नऊ पदांचा, अडुसष्ट अक्षरांचा नवकार म्हणतात. आम्ही दिगंबर चूलिका म्हणतो, पण जप करताना पाच ओळींचाच करतो.

आता रोजचं म्हणणं. उठल्याबरोबर अंथरुणात बसूनच म्हणतात, दर्शनाला गेल्यावर, जेवणाआधी, घराबाहेर पडताना, रात्री झोपताना म्हणतात. पण मंत्र नुसता तोंडाने म्हणायचा नसतो, तो श्वासाला बांधलेला असतो. हे मला माझ्या आजीने शिकवलं, म्हणून सविस्तर सांगतो.

एका मंत्राला तीन श्वास. श्वास आत घेताना मनात ‘णमो अरिहंताणं’, सोडताना ‘णमो सिद्धाणं’. दुसरा श्वास घेताना ‘णमो आयरियाणं’, सोडताना ‘णमो उवज्झायाणं’. तिसरा घेताना ‘णमो लोए’, सोडताना ‘सव्वसाहूणं’. असा नऊ वेळा म्हटला की सत्तावीस श्वासोच्छ्वास होतात. आमच्याकडे ‘नऊ वेळा णमोकार म्हण’ असं जे सांगतात ते हेच, एक छोटा कायोत्सर्ग, म्हणजे देहाची ममता सोडून स्थिर राहणं. उभं राहून करायचा असेल तर दोन पायांत चार बोटं अंतर, हात सरळ खाली सोडलेले, नजर नाकाच्या शेंड्याकडे, ओठ मिटलेले. मोजायला माळ लागत नाही. तीन बोटांची तीन तीन पेरं, झाले नऊ.

आपण साधारण मिनिटाला पंधरा श्वास घेतो. म्हणजे नऊ मंत्रांना जवळजवळ दोन मिनिटं लागायला हवीत. कुणाचे नऊ अर्ध्या मिनिटात झाले, तर श्वास सुटला आणि नुसती जीभ पळाली हे समजायचं. पूर्ण माळ एकशे आठ मण्यांची. तीन श्वासांच्या हिशेबाने तीनशे चोवीस श्वास, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. माळ नसेल तर चार बोटांची बारा पेरं नऊ वेळा मोजली की एकशे आठ भरतात.

एकशे आठच का, याचंही आमच्याकडे उत्तर आहे. पाप करायचं मनात ठरवणं, त्याची जुळवाजुळव करणं आणि ते सुरू करणं, या तीन पायऱ्या. प्रत्येक मनाने, वाचेने किंवा कायेने. प्रत्येक स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं किंवा दुसऱ्याने केल्यावर मान डोलावलेलं. आणि त्यामागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी काहीतरी. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ही मोजणी आहे. पाप आत यायच्या वाटा एकशे आठ, म्हणून मणी एकशे आठ. श्वेतांबर परंपरेत हाच आकडा पंचपरमेष्ठींच्या गुणांवरून सांगतात: बारा, आठ, छत्तीस, पंचवीस आणि सत्तावीस.

जपात सगळ्यात जास्त बिघडतं ते लक्ष. मंत्र इतका पाठ असतो की बोटं मणी सरकवतात आणि मन दुकानात असतं. यावर एक जुना उपाय आहे, आनुपूर्वी. ही एक छोटीशी पुस्तिका असते, श्वेतांबर घरांत, विशेषतः मूर्तिपूजा न करणाऱ्या स्थानकवासींकडे, जास्त दिसते. तिच्यात एक ते पाच आकडे उलटसुलट क्रमाने छापलेले असतात. एक म्हणजे अरिहंत, दोन सिद्ध, तीन आचार्य, चार उपाध्याय, पाच साधू. पहिल्या कोष्टकाच्या ओळी अशा जातात:

१ २ ३ ४ ५
२ १ ३ ४ ५
१ ३ २ ४ ५
३ १ २ ४ ५
२ ३ १ ४ ५
३ २ १ ४ ५

तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं की म्हणायचं: णमो अरिहंताणं, णमो आयरियाणं, णमो सिद्धाणं, णमो उवज्झायाणं, णमो लोए सव्वसाहूणं. पाच आकड्यांचे एकूण एकशे वीस क्रम होतात, सहा ओळींची वीस कोष्टकं. सवयीने जीभ ‘अरिहंताणं’नंतर ‘सिद्धाणं’कडेच धावते, आणि आकडा तिला अडवतो. मन क्षणभर हललं तरी चूक लगेच कळते. माझा एक श्वेतांबर मित्र आहे, त्याच्या आईची पुस्तिका बघून मी दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर असं केलं. पहिल्या दिवशी दुसऱ्या कोष्टकातच चार वेळा अडखळलो. तेव्हा कळलं, इतकी वर्षं किती जप लक्ष नसताना झाला असेल.

उच्चारात दोन जागा सांभाळा. ‘उवज्झायाणं’ मध्ये ज आणि झ दोन्ही ऐकू यावेत. ‘उवझायाणं’ म्हटलं की जोडाक्षराचा जोर जातो. ‘सव्व’चं मराठी सवयीने ‘सर्व’ होतं, ते टाळा. मात्र ‘णमो’ की ‘नमो’, ‘अरिहंताणं’ की ‘अरहंताणं’, ‘आयरियाणं’ की ‘आइरियाणं’ यावर कुणाला टोकू नका, हे सगळे परंपरेतले पाठ आहेत. भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. तो ‘नमो अरहंतानं, नमो सवसिधानं’ असा सुरू होतो. तिथे ण नाही, न आहे, आणि नमस्कारही दोनच. आपल्या मावळात पाले गावाजवळच्या लेण्यातला ब्राह्मी लेखही ‘नमो अरहंतानं’ने सुरू होतो, आणि काही अभ्यासक तो जैन लेख मानतात.

तुम्ही म्हटला तर चालेल का? नक्की चालेल. यासाठी दीक्षा लागत नाही, सोवळं लागत नाही. पूजेच्या सुरुवातीला आम्ही जो श्लोक म्हणतो, ‘अपवित्रः पवित्रो वा’, त्यात हेच आहे: पवित्र असो वा अपवित्र, सुखात असो वा दुःखात, पंचनमस्काराचं ध्यान करावं. जीवंधर या राजपुत्राच्या जैन कथेत तर तो मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात हा मंत्र सांगतो, आणि तो कुत्रा पुढच्या जन्मी यक्ष होतो.

माझ्या आजीच्या शेवटच्या रात्री आम्ही पाचजण पाळीपाळीने तिच्या कानाशी हाच मंत्र म्हणत होतो. पहाटे तिचे ओठ हलायचे थांबले, पण उजव्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत होता. करंगळी, अनामिका, मधलं बोट. नऊ झाले की पुन्हा करंगळीपासून.

शेजारच्या आजींना एकदा विचारून बघा, त्या श्वासावर म्हणतात का. आनंदाने समोर बसवून दाखवतील. फक्त त्यांची बोटं पेरांवर असताना हाक मारू नका, दोन मिनिटं थांबा.