हप्ते करण्याआधी एवढं बघ

साठ हजारांच्या फ्रिजचे क्रेडिट कार्डवर 12 हप्ते करतोयस, बँक 15 टक्के व्याज सांगतेय. हप्ता साधारण 5,415 रुपये, म्हणजे वर्षाचं व्याज 4,986. पण हिशोब इथे संपत नाही. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, सुमारे 897 रुपये. प्रोसेसिंग फी 1 टक्का धरली तर जीएसटीसकट 708. एकूण जादा 6,591, म्हणजे खरा दर 20 टक्क्यांच्या आसपास.

'नो कॉस्ट' म्हटलं तरी व्याजाइतकी सूट दुकान आधी देतं आणि बँक व्याज लावतेच, त्यामुळे जीएसटी तुझ्याच खिशातून जातो. मी तर रोख भावही विचारतो, कारण कधीकधी तीच सूट एकरकमी पैसे देणाऱ्यालाही मिळते. मुदतीआधी फेडायचं असेल तर फोरक्लोजर फी किती, तेही आधीच विचार.